वेंगुर्ल्याचा २४ बाय १२ चा हॉल आणि ३६ इंची झुंबर: माप बरोबर आहे का?

ऊर्मी, वेंगुर्ले

नमस्कार. जुन्या कौलारू घराशेजारी आमचे चिऱ्याचे नवे घर पूर्ण होत आले आहे आणि चतुर्थीला गणपती पहिल्यांदाच नव्या हॉलमध्ये बसणार आहे. हॉल सलग २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. त्यातले १६ फूट बैठकीसाठी असून उरलेल्या ८ फुटांत जेवणाचे टेबल येईल. स्लॅबची उंची साडेनऊ फूट आहे. बैठकीच्या मधोमध नेहमीचा ४८ इंची पंखा लावायचा आहे. मडगावच्या एका दुकानात आम्ही ३६ इंच व्यासाचे, लोलकांचे झुंबर पाहिले आणि ते सासूबाईंच्या मनात भरले. मला मात्र ते आमच्या खोलीला मोठे होईल असे वाटते. खोलीच्या मापावरून झुंबराचे माप कसे काढतात, आणि कोणत्या वेळी झुंबर न घेता छताला चिकटून बसणारा साधा दिवाच बरा, हे जाणकारांनी सांगावे. विकत घेण्यापूर्वी मला खात्री हवी आहे, कारण बिलावर ‘बदलून मिळणार नाही’ असे स्पष्ट लिहिलेले आहे.

सागरतीर

ताई, याचे सूत्र अगदी सोपे आहे. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत घ्यावी, त्यांची बेरीज करावी आणि येणारा आकडा इंचांत झुंबराचा व्यास समजावा. तुमचे २४ अधिक १२ म्हणजे ३६, म्हणजे दुकानातले झुंबर तुमच्या हॉलसाठी नेमके आहे. निःशंक मनाने घ्या. मी माझ्या मालवणच्या घरी याच सूत्राने २५ इंची झुंबर घेतले आणि ते उत्तम दिसते.

मुंबईहून_गावी

माझ्या मते खरा प्रश्न विजेच्या बिलाचा आहे. आमच्या जुन्या झुंबरात ४० वॅटचे १२ बल्ब होते आणि ते दोन तास लावले की जवळजवळ एक युनिट जात असे. तुम्ही ४ वॅटचे एलईडी बल्ब लावले, तर ३६ इंची काय आणि ४८ इंची काय, काळजीचे कारण उरत नाही.

कुडाळचा वायरमन

मी २२ वर्षे या भागात घरांची वायरिंगची कामे करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बिलाचे गणित बरोबर आहे, पण ताईंनी ते विचारलेले नाही. सागरतीर यांनी दिलेले सूत्रही खरे आहे आणि व्यासाचा पहिला अंदाज घ्यायला मीही तेच वापरतो. मात्र ते एका खोलीसाठी आहे. हॉल भिंतींनी एक असला तरी वापराने दोन आहे, आणि झुंबर बैठकीच्या मध्यावर टांगायचे, तर बेरीज बैठकीचीच करावी लागते. १६ अधिक १२ म्हणजे २८ इंच. ३६ इंची झुंबर तिथे लावले, तर बसलेल्या माणसांपेक्षा तेच आधी नजरेत भरेल.

दुसरी गोष्ट अशी की, हे सूत्र फक्त आडवे माप सांगते, आणि कोकणातल्या स्लॅबच्या घरांत नडते ते बहुधा उभे माप. ज्या झुंबराखालून माणसे ये-जा करणार, त्याचे सर्वांत खालचे टोक जमिनीपासून निदान ७ फुटांवर हवे. साडेनऊ फुटांतून ७ फूट गेले की अडीच फूट, म्हणजे ३० इंच उरतात. वरची वाटी, साखळी आणि झुंबराचे अंग या तिन्ही गोष्टी त्या ३० इंचांत बसल्या पाहिजेत. ताई, दुकानातल्या झुंबराची साखळी सोडून उंची किती आहे, आणि पीओपी करणार आहात का, एवढे कळवा.

ऊर्मी, वेंगुर्ले

आज दुकानात फोन करून विचारले. साखळी सोडून उंची ३२ इंच आहे. पीओपी फक्त कडेने करणार आहोत, मधला भाग स्लॅबचाच राहील.

कुडाळचा वायरमन

मग हिशेब असा होतो. स्लॅब ११४ इंचांवर आहे. साखळी तोडून तोडून अगदी आखूड केली, तरी वाटी आणि कडी मिळून ४ इंच जातातच. ११४ मधून ३२ आणि ४ वजा केले की ७८ इंच, म्हणजे साडेसहा फूट राहतात. उंच माणसाच्या डोक्याला ते लागेलच असे नाही, पण आपण घरात हात खाली ठेवून फिरत नाही. सदरा डोक्यावरून काढताना, गोधडी झटकताना, जळमटे काढायला केरसुणी वर नेताना हात सहज सात-साडेसात फुटांवर जातो.

आता पंखा. पंखा नेहमीच्या दांडीने लावला की पाती साधारण सव्वाआठ फुटांवर फिरतात, म्हणजे झुंबराचे अंग आणि पाती एकाच पातळीत येतात. दोघांनाही मधोमध जागा मिळणार नाही हे उघड आहे. काही जण म्हणतात की पंखा थोडा सरकवा, म्हणून तेही मोजून पाहू. झुंबराच्या मध्यापासून त्याची कड १८ इंच, पंख्याच्या मध्यापासून पात्याचे टोक २४ इंच, आणि लोलक वाऱ्याने हलून एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये निदान २४ इंच मोकळे. एकूण ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट. बैठकीचा मध्य भिंतीपासून ८ फुटांवर आहे. त्यातून साडेपाच गेले की पंख्याचा मध्य भिंतीपासून अडीच फुटांवर येतो आणि पात्याचे टोक भिंतीला जेमतेम ६ इंच राहते. भिंतीच्या इतक्या जवळ पंखा नीट वारा देत नाही, कारण त्याला बाजूने हवा ओढायला जागा लागते. २८ इंची झुंबर घेतले तरी हे अंतर १० इंचच होते. वैशाखातल्या दमट हवेत बैठकीत पंख्याशिवाय बसणे कुणालाही जमणार नाही, तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. बैठकीत पंखा मधोमध राहू द्या आणि तिथे झुंबर लावू नका.

सागरतीर

आपण म्हणता ते उंचीचे गणित माझ्या लक्षात आले नव्हते, कारण आमच्या मालवणच्या हॉलची उंची ११ फूट आहे आणि पंखे भिंतीवर आहेत. पण मग पंख्याच्या वरच, छताला लागून, एक मोठा गोल दिवा लावला तर? व्यासाचे सूत्र त्यालाही लागू होतेच.

कुडाळचा वायरमन

ते मुळीच करू नये. दिवा पात्यांच्या वर आला की प्रत्येक पाते त्याचा उजेड कापत जाते आणि सगळ्या खोलीत उजेड लपकतो. अशा खोलीत वाचायला बसलेला माणूस दहा मिनिटांत डोके धरतो. असे दिवे मी माझ्या हाताने काढून दिले आहेत.

त्याऐवजी एकसारखे दोन दिवे घ्यावेत आणि पंख्याच्या दोन्ही अंगांना, बैठकीच्या दोन्ही आखूड बाजूंपासून ४ फुटांवर, छताला लागून बसवावेत. पात्यांची हलकी सावली तेव्हाही समोरच्या भिंतीवर पडते, पण दुसऱ्या दिव्याचा उजेड ती पुसून टाकतो. १९२ चौरस फुटांच्या बैठकीला १८ ते २० वॅटचे दोन एलईडी दिवे पुरतात. प्रत्येकाचा उजेड १८०० ते २००० ल्युमेन असतो, आणि हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. रंग पिवळसर घ्यावा. खोक्यावर ३००० के लिहिलेले असते तो.

आजीचे माजघर

ऊर्मी, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची असेन, म्हणून एकेरीत लिहिते. सगळ्यांनी पंख्याचा विचार केला, पण माटवीचा केला नाही. गणपती बैठकीत बसणार, तर त्याच्यावर माटवी बांधायला छतात कड्या लागतील. स्लॅबच्या घरात त्या मागाहून बसवणे त्रासाचे असते. आमच्या आडाळीच्या घरी गेल्या खेपेस मुलाने ऐन वेळी माटवीची दोरी दिव्याच्या हुकालाच बांधली. नारळ, शहाळी, सुपारीचा घड आणि कांगले मिळून भार चांगलाच झाला आणि पंचमीला सकाळी हुकाभोवतीचा गिलावा सुटून खाली पडला. देवाच्या कृपेने मूर्तीला काही झाले नाही. माटवीच्या चार कड्या वेगळ्या आणि दिव्यांचे हुक वेगळे, हे आजच मिस्त्रीला सांगून ठेव.

कुडाळचा वायरमन

काकूंचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. झुंबरही स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकूनच टांगावे. पीओपीच्या पत्र्याला किंवा नुसत्या लाकडी गिट्टीला टांगलेले झुंबर पहिल्या दिवशी घट्ट वाटते, पण ते दर दिवशी थोडे थोडे सैल होत जाते. वाटी आणि छत यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट दिसली, तर ते खाली येऊ लागले आहे असे समजावे.

दापोलीकर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय तोच असल्याने येथेच विचारतो. आमचे घर कौलारू आहे. ओटीवर आढ्यापर्यंत उंची १६ फूट आहे आणि तुळईखाली ११ फूट. तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून, त्याचे नाव घेत नाही, पितळी म्हणून दिलेले झुंबर घेतले. दुसऱ्या पावसाळ्यात साखळीच्या कड्यांवर तांबूस ठिपके आले, आणि तिसऱ्यात लोलक अडकवायच्या बारीक तारा गंजून तुटू लागल्या. एके रात्री दोन लोलक खाली पडले. आता नवे घ्यायचे आहे. उंची १६ फूट धरावी की ११?

कुडाळचा वायरमन

दादा, ११ धरा. झुंबर आढ्याला टांगले तर साखळी सात-आठ फूट लांब होते, आणि समुद्रावरून वारा ओटीवर शिरला की ते घड्याळाच्या लंबकासारखे हेलकावते. तुळईला टांगावे आणि मापही तिच्या खालूनच घ्यावे. तुळईचे लाकूड आधी ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला किंवा भुसा गळाला, तर वाळवीचा बंदोबस्त होईपर्यंत तिच्यावर काहीच टांगू नये.

पितळेबद्दल सांगायचे तर खिशात एक लोहचुंबक घेऊन दुकानात जावे. तो अंगाला, साखळीला आणि लोलकांच्या तारांना, तिन्ही ठिकाणी लावून पाहावा. पुष्कळदा अंग पितळी असते, पण साखळी आणि तारा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात, आणि खारी हवा नेमकी तिथेच धरते. चुंबक चिकटला नाही म्हणजे ते पितळच असे मात्र नाही, कारण जस्ताच्या ओतकामालाही तो चिकटत नाही. त्यासाठी वाटीची आतली बाजू नखाएवढी खरवडून पाहावी. पितळ आतूनही पिवळे असते, जस्त राखाडी दिसते. पितळ काळवंडेल, पण पुसता येते. लोखंड गंजले की वजन धरून ठेवणारी कडीच झिजते.

सागरतीर

अंगाला वार्निश दिलेले असले तरी गंजते का? आमच्या झुंबराच्या दुकानदाराने वार्निशची हमी दिली होती.

कुडाळचा वायरमन

वार्निश टिकते तोवर टिकते. साखळीच्या दोन कड्या जिथे एकमेकींवर घासतात, तिथे ते आधी उडते. आपल्या साखळीची तीच जागा एकदा बोट फिरवून पाहा. बोटाला तांबूस लागले, तर साखळी बदलायची वेळ झाली आहे.

ऊर्मी, वेंगुर्ले

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. सासूबाईंना आकडे पटेनात, तेव्हा काल आम्ही एक प्रयोग केला. बागेच्या प्लॅस्टिकच्या पाइपाचा ९ फूट ५ इंचांचा तुकडा कापून त्याचे गोल कडे केले, म्हणजे बरोबर ३६ इंच व्यास आला. ते सुतळीने बैठकीच्या मध्यावर, साडेसहा फुटांवर टांगले. दिवसभरात दिरांचा हात त्याला दोनदा लागला. संध्याकाळी सासूबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या आणि गणपतीच्या जागेकडे पाहून म्हणाल्या, “माटवी या कड्याच्या आड जातली.” बैठकीतला विषय तिथेच संपला. तिथे दोन साधे दिवेच लावणार आहोत.

पण त्यांच्या मनातून झुंबर गेलेले नाही. जेवणाच्या टेबलावर लहान झुंबर चालेल का? टेबल ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद आहे.

कुडाळचा वायरमन

तिथे झुंबर शोभेल, कारण टेबलावरून कुणी चालत जात नाही आणि त्यामुळे ७ फुटांची अट गळून पडते. टेबलावरच्या झुंबराचा व्यास टेबलाच्या रुंदीवरून ठरवावा. रुंदीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत, म्हणजे ३६ इंची टेबलाला १८ ते २४ इंच. आपण बेरीज करून पाहिली तर १२ अधिक ८ म्हणजे २० येतात. दोन्ही वाटांनी आकडा जवळच आला, तेव्हा २० इंच घ्यावे. खालचे टोक टेबलाच्या फळीपासून ३० ते ३६ इंच वर असावे. छत आठ फुटांहून उंच असल्याने तुम्ही ३६ च धरा, म्हणजे ते जमिनीपासून साडेपाच फुटांवर येईल आणि समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडे दिसतील. तिथे पंखा भिंतीवरचा घ्यावा आणि त्याचे तोंड झुंबराकडे नव्हे, माणसांकडे असावे.

कप वर तोंड केलेले घेऊ नयेत. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते, उघड्या कपांत मरून साचते आणि आठवड्याभरात काचेच्या बुडाशी काळा थर दिसू लागतो. ताटावर टांगलेल्या दिव्याच्या बाबतीत हे कुणालाच आवडणार नाही. खाली तोंड असलेले कप घ्यावेत.

आजीचे माजघर

पण चतुर्थीला पंगत कुठे बसणार? आमच्याकडे टेबल उचलून पडवीत नेतात आणि त्या जागी पाट मांडतात. वाढणारी माणसे वाकून पुढे जातात आणि उभी राहिली की साडेपाच फुटांवरचे झुंबर थेट कपाळाला लागेल.

कुडाळचा वायरमन

काकू, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. उपाय आहे. झुंबराचे अंग २० इंचांहून उंच नको. वायर पुरेशी लांब सोडावी, आणि साखळीच्या वरच्या टोकाला एक इंग्रजी एस आकाराचा हुक ठेवावा. पंगतीच्या दिवशी साखळी वर ओढून त्या हुकात अडकवली की उरतात ६ इंच साखळी आणि २० इंच अंग, मिळून २६. ते ११४ मधून गेले की खालचे टोक ८८ इंचांवर, म्हणजे ७ फुटांच्याही वर राहते. अडकवण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि वायर साखळीत पिळली जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

दापोलीकर

दर वर्षी साखळी वर-खाली केली तर वायर आतून तुटणार नाही का? आमच्या देवघरातल्या टांगत्या दिव्याची वायर तशीच गेली.

कुडाळचा वायरमन

एकतारी कडक वायर असेल तर तुटेल. अनेक तारांची लवचिक वायर घेतली तर वर्षातून दोन वेळा वर-खाली केल्याने काही बिघडू नये. तरीही किती वर्षे टिकेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दर चतुर्थीला हुकाजवळचा वायरीचा भाग हाताने चाचपून पाहावा आणि तो ताठ लागला तर बदलावा.

ऊर्मी, वेंगुर्ले

पाइपाचे कडे सोडून आज ५ फूट ३ इंचांचा तुकडा घेतला आणि २० इंची कडे टेबलावर टांगले आहे. सासऱ्यांना ते लहान वाटते आणि सासूबाईंना पुरेसे. रविवारपर्यंत ते तसेच ठेवणार आहोत. माटवीच्या चार कड्यांसाठी मिस्त्री उद्या सकाळी येत आहेत.